धागा : मीटर रिडिंगच्या दोन तारखांमधले दिवस नक्की कसे मोजायचे? ३४ की ३५? आणि रोजचा सरासरी वापर

शाहूपुरी_गल्ली
मंडळी, लाईट बिलाचं एक गणित विचारायचंय. घरी आई, बाबा आणि मी असे तिघंच. मार्चच्या बिलात १०२ युनिट होते आणि एप्रिलच्या बिलात एकदम १४७ आलेत. नवीन काही वस्तू घेतलेली नाही, फ्रीज तोच, पाण्याची मोटर तीच. बाबा म्हणतायत मीटर पळतंय, अर्ज करूया. मी जुनी बिलं काढून बसले तर बिलाबिलात दिवस वेगवेगळे आहेत असं दिसलं, पण ते मोजताना माझं आणि बाबांचं जुळेना, मी ३४ म्हणते ते ३५ म्हणतात. रिडिंग खाली देते, सगळी खरी घेतलेली आहेत, अंदाजे नाहीत.

१४ जानेवारी २०२५ : ८४१२
१५ फेब्रुवारी २०२५ : ८५३०
१४ मार्च २०२५ : ८६३२
१७ एप्रिल २०२५ : ८७७९

आता १४ मार्च ते १७ एप्रिल दिवस किती धरायचे, रोजचे युनिट किती पडतात आणि त्यावरून मीटर खरंच पळतंय का हे कळेल का?

बावड्याचा_पाटील
ताई ३५ च धरा, बाबा बरोबर आहेत. १४ तारखेला पण लाईट वापरली आणि १७ ला पण वापरली की, मग दोन्ही दिवस मोजायला नकोत का? मार्चचे १४ पासून ३१ पर्यंत १८ दिवस आणि एप्रिलचे १७, झाले ३५. आणि १०२ चे १४७ म्हणजे जवळजवळ दीडपट वाढलंय, एवढं काय असंच वाढत नाही, मीटर तपासायला अर्ज टाकाच.

उद्यमनगर_लेथ
तारीख उलटून गेली असली तरी ऑनलाईन भरता येतं, थोडा विलंब आकार पुढच्या बिलात लागून येतो. एवढं टेन्शन घेऊ नका.

शाहूपुरी_गल्ली
@उद्यमनगर_लेथ दादा भरायची तारीख नाही विचारत, रिडिंग घेतल्याच्या तारखा म्हणतेय. बिल भरलंय कधीच.

रिडिंगकाका
मी बरीच वर्षं मीटर रिडिंगच्या कामावर होतो, आता सोसायटीचे हिशेब बघतो, त्यामुळं यावर सविस्तर लिहितो.

तुमचे ३४ बरोबर आहेत. हातानं मोजायची पद्धत सोपी आहे. पहिल्या महिन्याच्या एकूण दिवसांतून रिडिंगची तारीख वजा करायची आणि उरतील त्यात पुढच्या महिन्याची तारीख मिळवायची. मार्च ३१ चा, ३१ मधून १४ गेले १७ राहिले, त्यात एप्रिलचे १७ मिळवले की ३४. तसंच १५ फेब्रुवारी ते १४ मार्च बघा, २०२५ चा फेब्रुवारी २८ चा, म्हणून १३ अधिक १४ म्हणजे २७. आणि १४ जानेवारी ते १५ फेब्रुवारी १७ अधिक १५, ३२ दिवस.

आता युनिट लावा. पहिलं बिल ११८ युनिट ३२ दिवसांत, रोजचे ३.६९. दुसरं १०२ युनिट २७ दिवसांत, रोजचे ३.७८. तिसरं १४७ युनिट ३४ दिवसांत, रोजचे ४.३२. म्हणजे तुमच्या बिलावर १०२ चे १४७ दिसतात, पण रोजचा वापर ३.७८ वरून ४.३२ झालाय, शेकडा १४ च्या आसपास वाढ. दीडपट वगैरे काही नाही. मार्चचं बिल २७ दिवसांचं होतं म्हणून ते मुळातच कमी दिसलं, आणि लगेच त्याच्यापुढं ३४ दिवसांचं बिल आलं, त्यामुळं फरक डोळ्यात भरला.

आता ४५ युनिट वाढले त्याची फोड करून बघा. सात दिवस जास्त, जुन्या वेगानंच म्हणजे रोज ३.७८ नं, ते झाले २६ युनिट. राहिले १९. हे १९ युनिट ३४ दिवसांत पसरलेत, रोजचा अर्धा युनिट आणि थोडं वर. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत घरात एखादा पंखा जास्तीचा चालू झाला का ते आठवा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो, तो सात तास चालला की अर्धा युनिट होतो.

शाहूपुरी_गल्ली
काका हे एकदम पटलं. आईबाबा मार्चपासून रात्रभर पंखा लावून झोपतात, त्याच्या आधी नव्हता लावत. म्हणजे तो अर्धा युनिट तिथंच गेला. पण बाबा अजून ३५ वरच अडून बसलेत, त्यांचं म्हणणं पाटील दादांसारखंच आहे, दोन्ही दिवशी वीज वापरली मग एक दिवस का सोडायचा.

बावड्याचा_पाटील
हो, माझापण तोच प्रश्न आहे. सुट्टीचा अर्ज करताना १४ ते १७ म्हटलं की चार दिवसांची सुट्टी धरतात, तीन नाही. इथं वेगळा नियम कुठनं आला?

रिडिंगकाका
पाटील, सुट्टीचं तुमचं बरोबर आहे, कारण तिथं आपण तारखा मोजतो. चौदाला गैरहजर, सतराला पण गैरहजर, चार तारखा गेल्या. मीटरचं तसं नाही. मीटरवरचा आकडा एका क्षणाला बघितलेला असतो. १४ मार्चला ८६३२ वाचलं त्या क्षणापासून १७ एप्रिलला ८७७९ वाचलं त्या क्षणापर्यंत किती वेळ गेला एवढंच विचारायचं. १४ ला सकाळी दहाला वाचलं आणि १७ ला सकाळी दहाला वाचलं तर बरोबर ३४ वेळा चोवीस तास गेले. १४ तारखेचे सकाळी दहाच्या आधीचे तास मागच्या बिलात गेलेत आणि १७ तारखेचे दहाच्या नंतरचे पुढच्या बिलात जाणार आहेत.

आणि याची चाचणी प्रत्येकाला घरी करता येते. ताईंची तीन बिलं घ्या. ३२ अधिक २७ अधिक ३४ म्हणजे ९३. आता मधल्या तारखा सोडून सरळ १४ जानेवारी ते १७ एप्रिल मोजा. जानेवारीचे १७, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, एप्रिलचे १७, बेरीज ९३. जुळलं. तुमच्या पद्धतीनं तीन बिलांचे दिवस ३३, २८ आणि ३५ येतात, बेरीज ९६, आणि सरळ मोजलं तर तुमच्याच पद्धतीनं ९४. दोन्हीचा मेळ बसत नाही कारण १५ फेब्रुवारी आणि १४ मार्च हे दोन दिवस दोनदा धरले गेलेत. वर्षभर असं मोजलं तर ३६५ दिवसांच्या वर्षाचे बारा बिलांत ३७७ दिवस होतील. युनिटांचं बघा, ११८ अधिक १०२ अधिक १४७ बरोबर ३६७, आणि ८७७९ वजा ८४१२ पण ३६७ च. युनिट वजाबाकीनं काढतो तसेच दिवसपण वजाबाकीनंच काढायचे, तरच दोन्ही एकमेकाला लागू होतात.

बावड्याचा_पाटील
३७७ चं गणित पटलं. पण एक सांगा, १४ ला सकाळी आठला माणूस आला आणि १७ ला संध्याकाळी सहाला आला तर? मग तर ३४ च्या वर होतात की.

रिडिंगकाका
होतात ना. तेव्हा ३४ दिवस आणि १० तास, म्हणजे साधारण ३४.४ दिवस. १४७ भागिले ३४.४ केलं तर ४.२७ येतात, ४.३२ च्या जागी. उलटं झालं, म्हणजे आधी संध्याकाळी आणि नंतर सकाळी, तर ३३.६ होतील आणि ४.३८ येतील. बिलावर वेळ छापलेली नसते म्हणून तारखांच्या वजाबाकीवरच थांबावं लागतं, आणि महिन्याच्या बिलात एवढी चूक चालून जाते. म्हणून रोजचा वापर ४.३ म्हणा, पुढचे आकडे धरून भांडण करण्यात अर्थ नाही. पण कोणी चार दिवसांतली दोन रिडिंग घेऊन सरासरी काढायला लागला तर तिथं मात्र वेळ लिहिलीच पाहिजे, कारण चार दिवसांत दहा तास म्हणजे फार मोठा फरक.

पंचगंगा_काठ
आमची केस जरा वेगळी आहे, इथंच विचारतो. जुलै २०२१ च्या महापुरात आमचं मीटर पाण्यात गेलं आणि नंतर नवीन बसवलं. तेव्हाचं बिल मी जपून ठेवलंय पण त्याचा अर्थ कधी लागला नाही. ६ जुलैला जुन्या मीटरचं रिडिंग १५२२०. जुनं मीटर काढलं तेव्हा त्यावर १५२८१ होतं. ५ ऑगस्टला नवीन बसवलं तेव्हा त्यावर २ होतं आणि ९ ऑगस्टला १८. आता १८ वजा १५२२० केलं तर उणे येतंय. आणि लाईट २३ जुलैपासून नवीन मीटर बसेपर्यंत बंदच होती. रोजची सरासरी कशी काढायची?

रिडिंगकाका
दोन मीटरांचे दोन तुकडे करा आणि मग बेरीज. जुन्या मीटरचे १५२८१ वजा १५२२०, ६१ युनिट. नव्या मीटरचे १८ वजा २, १६ युनिट. नवं मीटर नेहमी शून्यावरनंच सुरू होतं असं नाही, तपासणीत एकदोन युनिट फिरलेलं असतं, म्हणून ते २ सोडू नका. एकूण ७७.

दिवस मात्र दोन प्रकारे बघावे लागतील. ६ जुलै ते ९ ऑगस्ट, २५ अधिक ९, बिलाचा कालावधी ३४ दिवस. त्यानं भागलं तर रोजचे २.२६ येतात. पण २३ जुलै ते ५ ऑगस्ट हे १३ दिवस वीजच नव्हती. ते वजा केले की २१ राहतात, आणि ७७ भागिले २१ म्हणजे ३.६७. तुमचं घर चालू असताना रोज किती जाळतं हे जाणून घ्यायचं असेल तर ३.६७ धरा. बिलाच्या कागदाशी ताळा घालायचा असेल तर ३४. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

पंचगंगा_काठ
आता कळलं. मी इतके दिवस २.२६ बघून म्हणत होतो नवीन मीटर हळू फिरतंय की काय. ५ ते ९ ऑगस्ट एवढंच धरलं तर १६ युनिट चार दिवसांत, रोजचे ४ येतात, म्हणजे हळू नव्हतंच.

रिडिंगकाका
तेच. फक्त त्या चार दिवसांवरून ४ हा आकडा पक्का धरू नका, पूर ओसरल्यावर घर धुवायला मोटर जास्त चालली असेल, पंखे लावून घर वाळवलं असेल.

राजारामपुरी_रूम्स
माझा अनुभव वेगळा आहे. मी बिल तारखेपासून बिल तारखेपर्यंत दिवस मोजतो, ते सोपं पडतं, बिलाच्या वरच ठळक छापलेली असते. माझ्याकडं तीन रूम भाड्यानं दिलेल्या आहेत, प्रत्येकाला सबमीटर आहे. पण मेन बिलाची रोजची सरासरी आणि सबमीटरच्या सरासरींची बेरीज कधीच जुळत नाही, दरवेळी काहीतरी वेगळंच येतं.

रिडिंगकाका
बिल तारीख म्हणजे बिल तयार झालं ती तारीख. रिडिंग आधी होतं, बिल नंतर निघतं, आणि मधलं अंतर दर महिन्याला सारखं नसतं. एखाद्या महिन्यात दोन दिवसांनी निघालं आणि पुढच्या महिन्यात सहा दिवसांनी, तर तुमचे दिवस उगाच चारनं वाढले. युनिट रिडिंगच्या तारखांमधले आणि दिवस बिलाच्या तारखांमधले, असा भागाकार काहीच सांगत नाही. बिलावर मागील रिडिंग आणि चालू रिडिंग असतं, त्यांच्याच तारखा घ्यायच्या. भरायची शेवटची तारीख पण यात आणायची नाही.

आणि तुमचं सबमीटरचं रिडिंग तुम्ही कधी घेता? मेनचं रिडिंग झालं त्याच दिवशी घेतलं नाही तर बेरीज जुळणारच नाही.

राजारामपुरी_रूम्स
सबमीटर मी दर एक तारखेला बघतो, भाडं घेताना. मेनचं रिडिंग बाराच्या पुढं कधीतरी होतं. म्हणजे तिथंच घोळ आहे. मग आता मुलगा मधेच रूम सोडून गेला तर? मागच्या महिन्यात एकजण २० तारखेला गेला, मी दिवसाच्या हिशेबानं महिन्याच्या युनिटाचा वाटा काढला तर तो म्हणाला शेवटचे आठ दिवस मी गावाला होतो.

शाहूपुरी_गल्ली
त्याचं बरोबर वाटतंय मला. जायच्या दिवशी सबमीटरचा फोटो काढला असता तर सरासरीची गरजच नव्हती.

रिडिंगकाका
ताई बरोबर बोलली. रोजची सरासरी ही कधी वापरायची, जेव्हा मधलं रिडिंग हातात नाही. सबमीटर समोर भिंतीवर असताना दिवसानं वाटणी करायची कशाला. जायच्या दिवशी दोघांनी मिळून फोटो काढायचा, फोटोत आकडा आणि मीटरचा नंबर दोन्ही यायला पाहिजेत. फक्त एक, पॉइंटनंतरचा आकडा वेगळ्या रंगात किंवा लहान असतो, तो युनिटात धरायचा नाही. काहीजण ८७७९.४ ला ८७७९४ वाचतात आणि मग हजारो युनिटांचा वाद होतो.

फुलेवाडी_रिंगरोड
मला पण विचारायचंय. आम्ही मुलीकडं पुण्याला गेलो होतो तेव्हा घर बंद म्हणून डिसेंबरचं बिल सरासरीनं आलं. १० नोव्हेंबर २०२४ चं खरं रिडिंग ३१०५. ११ डिसेंबरला रिडिंग घेता आलं नाही, ९० युनिट सरासरी लावली. मग १० जानेवारी २०२५ ला खरं रिडिंग ३२४९. जानेवारीत आम्ही घरीच होतो, तरी जानेवारीच्या वाट्याला ५४ च युनिट दिसतायत, आणि डिसेंबरात घर बंद असून ९०. असं कसं?

बावड्याचा_पाटील
काकू ९० भागिले ३१, २.९ रोजचे आणि ५४ भागिले ३०, १.८ रोजचे. दिवस मी आता काकांच्या पद्धतीनंच मोजलेत. म्हणजे तुम्ही गावाला असताना कोणीतरी वीज वापरली बघा. शेजारी विचारा.

रिडिंगकाका
पाटील, दिवस बरोबर मोजलेत पण तो ९० हा आकडा मीटरवर कोणी वाचलेलाच नाही. मागच्या बिलांवरून काढलेला अंदाज आहे. अंदाजाला दिवसानं भागलं की परत अंदाजच मिळतो. शेजाऱ्यावर संशय घ्यायला त्यात काही आधार नाही.

काकू, तुमच्याकडं खरी रिडिंग दोनच, १० नोव्हेंबर आणि १० जानेवारी. त्या दोघांमधले दिवस मोजा, नोव्हेंबरचे २०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे १०, एकूण ६१. युनिट ३२४९ वजा ३१०५, १४४. रोजचे २.३६. एवढंच खात्रीनं सांगता येतं. त्यातले घर बंद असताना किती आणि तुम्ही परत आल्यावर किती हे या कागदावरून निघत नाही. घर बंद असताना फ्रीज चालू होता का?

फुलेवाडी_रिंगरोड
फ्रीज चालू होता, बाकी सगळं बंद. बरं झालं विचारलं, शेजारची माणसं चांगली आहेत आमची, उगाच मनात किल्मिष आलं असतं.

रिडिंगकाका
मग पुढच्या वेळी गावाला जाताना दारात मीटरचा फोटो काढा आणि आल्याबरोबर दुसरा. त्या दोन फोटोंत बंद घराचे युनिट आणि बंद घराचे दिवस स्वतंत्र मिळतील. फोटोवर वेळ पण येते, त्यामुळं ताससुद्धा धरता येतात.

कागल_एमआयडीसी
मी एक्सेलमध्ये ठेवतो हे सगळं. ए कॉलमला तारीख, बी ला रिडिंग, आणि तिसऱ्या ओळीपासून हे दोन फॉर्म्युले सी आणि डी मध्ये टाकून खाली ओढायचे

```
C3: =A3-A2
D3: =(B3-B2)/C3
```

पण माझं एक बिल विचित्र येतंय. ५ मार्च ते ७ एप्रिल २०२५, १२१ युनिट. डी मध्ये १.९५ दाखवतंय. बाकीच्या महिन्यांत ३.६ च्या आसपास असतं. त्या महिन्यात आम्ही काही वाचवलेलं नाही.

उद्यमनगर_लेथ
सी मध्ये किती दिवस दाखवतंय?

कागल_एमआयडीसी
६२.

उद्यमनगर_लेथ
मग सापडलं. तुम्ही 05-03-2025 आणि 07-04-2025 असं टाकलं असणार आणि कॉम्प्युटर अमेरिकन तारखेवर सेट आहे. त्यानं ते ३ मे आणि ४ जुलै वाचलं. ३ मे ते ४ जुलै बरोबर ६२ दिवस होतात. आमच्या ऑफिसच्या एका कॉम्प्युटरवर हेच होतं, मशीनच्या मेंटेनन्सच्या तारखा सगळ्या उलट्यापालट्या झालेल्या. खरे दिवस २६ अधिक ७, ३३, आणि १२१ भागिले ३३ म्हणजे ३.६७. तारीख 5-Mar-2025 अशी महिन्याच्या नावानं टाका, मग गोंधळ होत नाही.

कागल_एमआयडीसी
हेच होतं, धन्यवाद भावा. पण मग १३ च्या पुढच्या तारखा का नाही चुकल्या? तिथं सरळ #VALUE! येत होतं म्हणून मी त्या दुसऱ्या पद्धतीनं टाकल्या होत्या.

उद्यमनगर_लेथ
कारण तेरावा महिनाच नसतो, त्यामुळं त्याला ती तारीख वाटतच नाही, तो शब्द समजून डाव्या बाजूला चिकटवून ठेवतो. ती चूक बरी कारण लगेच दिसते. १ ते १२ मधल्या तारखा गुपचूप उलट्या होतात. सी कॉलममध्ये दर महिन्याच्या रिडिंगचे दिवस तिशीच्या आसपासच यायला पाहिजेत, ६२ किंवा उणे आकडा दिसला की आधी तारीख तपासा. आणि सी मध्ये दिवसांच्या जागी १९०० सालातली कुठलीतरी तारीख दिसली तर घाबरू नका, त्या सेलचं फॉरमॅट नंबर करा.

राजारामपुरी_रूम्स
वर्षाची सरासरी काढायची तर डी कॉलमची सरासरी घेतली की झालं ना?

रिडिंगकाका
नाही, ते टाळा. वर्षाचे सगळे युनिट भागिले वर्षाचे सगळे दिवस, म्हणजे शेवटचं रिडिंग वजा पहिलं रिडिंग, आणि शेवटची तारीख वजा पहिली तारीख. ताईंच्या तीन बिलांत ३६७ भागिले ९३, ३.९५ येतात. तीन सरासरींची सरासरी घेतली तर ३.९३. इथं फरक नगण्य आहे कारण बिलांचे दिवस जवळजवळ सारखे आहेत. पण फुलेवाडीच्या काकूंसारखं एक ६१ दिवसांचं आणि बाकी तीस दिवसांची असली की त्या ६१ दिवसांना तीस दिवसांएवढंच वजन मिळतं आणि उत्तर सरकतं.

बावड्याचा_पाटील
आता खरा मुद्दा बोलूया. ३४ दिवसांचं बिल आलं म्हणून ताईंचे ४७ युनिट शंभराच्या वर गेले आणि त्यांना वरचा दर लागला. ३० दिवसांचं असतं तर १३० च झाले असते, ३० च युनिट वरच्या दरात गेले असते. रिडिंग उशिरा झालं ह्याचा भुर्दंड आपण का सोसायचा?

कागल_एमआयडीसी
दिवसांच्या प्रमाणात स्लॅब पण वाढवतात म्हणे. २०२० ला लॉकडाऊनमध्ये रिडिंग बंद होतं आणि जूनला एकदम सगळ्या महिन्यांचं बिल आलं, तेव्हा स्लॅब महिन्यांनी गुणून दिले होते, हे मी स्वतः ताळा करून बघितलंय.

बावड्याचा_पाटील
ते दोनतीन महिन्यांचं होतं, चार दिवसांसाठी कोण देतंय.

रिडिंगकाका
यावर इथं वाद घालण्यापेक्षा ताईंनी बिलच बघावं. स्लॅबप्रमाणे किती युनिट कुठल्या दरानं लावले ते बिलात असतं. पहिल्या दराला बरोबर १०० युनिट लावले असतील तर दिवसांचा विचार केलेला नाही. ३० दिवसांच्या हिशेबानं वाढवले असतील तर १०० गुणिले ३४ भागिले ३०, ११३ च्या आसपास आकडा दिसेल. आणि हे पण बघा की मार्चचं २७ दिवसांचं बिल होतं त्यात पहिल्या दराला ९० युनिट लावलेत की १००. एकाच बिलावरून निष्कर्ष काढू नका, दोन्ही बिलं शेजारी ठेवा.

शाहूपुरी_गल्ली
एप्रिलचं बिल बाबांनी फाईलला लावलंय, मार्चचं मला ऑनलाईन काढावं लागेल, फोटो टाकते दोन्हीचे, ग्राहक क्रमांक झाकून. अर्जाचं मात्र आम्ही आता थांबवलंय. काका, मीटर पळतंय का हे अर्ज न करता घरीच बघायचा काही मार्ग आहे का, बाबांची तेवढी खात्री करून द्यायचीय.

रिडिंगकाका
आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं, तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो तो वाचून घ्या. ३२०० म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आधी घरातलं सगळं बंद करा, फ्रीज आणि इन्व्हर्टरसुद्धा, आणि पाच मिनिटं बघा. दिवा लुकलुकत राहिला तर वीज कुठंतरी जातेय, वायरिंगमध्ये दोष असेल किंवा तुमच्या मीटरवरनं दुसरीकडं जोडलेलं असेल, आणि तो शोध वायरमनचा. शांत राहिला तर जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब एकटा लावा. तासाला ३२० वेळा लुकलुकायला पाहिजे, म्हणजे साधारण सव्वाअकरा सेकंदांना एकदा. मोबाईलवर दहा लुकलुक मोजा, एकशे बारा सेकंदांच्या आसपास आलं तर मीटर ठीक. व्होल्टेज कमीजास्त असलं की बल्बपण थोडा कमीजास्त खातो, त्यामुळं दहाबारा सेकंदांचा फरक सोडून द्या. ऐंशी सेकंदांत दहा झाले तर मात्र अर्ज करा, आणि अर्जात ही वेळ लिहा.

शाहूपुरी_गल्ली
घरात सगळे एलईडी आहेत, जुना बल्ब देवघराच्या वरच्या फळीवर आहे बहुतेक. आज रात्री जेवणानंतर बघतो आम्ही.

पंचगंगा_काठ
एलईडी ९ वॅटचा असेल तर दहा लुकलुकला वीस मिनिटं लागतील ताई, त्यापेक्षा इस्त्री लावा.

रिडिंगकाका
इस्त्री नको, ती मधेच तापून बंद होते आणि परत चालू होते, मोजणी फसेल. जुना बल्ब नाही मिळाला तर पाणी तापवायची कॉईल बादलीत लावा, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात, पाणी गरम होईपर्यंत सलग चालते. हजार वॅटची असेल तर शंभर लुकलुक मोजा, तेवढेच एकशे बारा सेकंद येतील. मोजताना कोणी बादलीत हात घालू नका.